शनिवारवाड्याचे दोन पत्ते : जगाचा नकाशा चौकोनांत कसा कापला गेला?

शनिवारवाड्याला नकाशाशास्त्रात दोन पत्ते आहेत. पहिला जुना : ४७ एफ/१४. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर तो छापलेला असतो आणि गडकिल्ल्यांवर भटकणाऱ्या अनेकांच्या तो परिचयाचा आहे. दुसरा पत्ता आपण फोनवर नकाशा उघडतो तेव्हा आपल्या नकळत मागवला जातो :

```
https://tile.openstreetmap.org/16/46212/29336.png
```

या दुव्यावर एक चित्र मिळते. लांबी-रुंदी प्रत्येकी २५६ पिक्सेल, आणि त्यात शनिवारवाड्याच्या परिसराचा एक तुकडा. अशा चौकोनी तुकड्याला टाइल म्हणतात. आज आपण जालावरचा जवळपास कोणताही नकाशा पाहतो तेव्हा अशा पंधरा-वीस टाइल शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि सांधे दिसत नसल्याने तो एकसंध वाटतो. हे आकडे कुठून येतात आणि जग याच पद्धतीने का कापले गेले, हा आजच्या धाग्याचा विषय.

आधी जुन्या पत्त्याकडे पाहू, कारण नव्याची कल्पना त्यात दडलेली आहे. सर्वेक्षण विभागाने उपखंड चार अंश गुणिले चार अंशांच्या चौकटींत विभागला आणि प्रत्येक चौकटीला क्रमांक दिला. १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश यांमधली चौकट म्हणजे ४७. तिचे एकेक अंशाचे सोळा भाग केले, त्यांना ए पासून पी पर्यंत अक्षरे दिली. त्यातला एफ म्हणजे १८ ते १९ अक्षांश, ७३ ते ७४ रेखांश. त्याचेही पुन्हा सोळा भाग, पंधरा-पंधरा कलांचे. त्यातला चौदावा पुण्याचा. अक्षरे आणि अंक वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन स्तंभास्तंभाने खाली उतरतात, हे ठाऊक असले की ४७ एफ/१४ वाचून नकाशा न उघडताही जागा सांगता येते.

या नावाचे दोन गुण लक्षात ठेवावेत. एक, नावातच मूळ पत्रकाचे नाव असते : एफ/१४ कोणाचा तुकडा, तर ४७ एफचा, आणि तो कोणाचा, तर ४७चा. दोन, प्रत्येक पायरीवर तपशील वाढतो. अंश-पत्रक एका इंचाला चार मैल या प्रमाणाचे, तर पंधरा कलांचे पत्रक एका इंचाला एक मैल. म्हणजे प्रमाण बरोबर चौपट. आजच्या भाषेत ही झूम पातळीच होय, फक्त ती बदलण्यासाठी बोटांऐवजी कपाटातून दुसरे पत्रक काढावे लागे.

आता १९९६ सालात येऊ. त्या वर्षी मॅपक्वेस्ट हे संकेतस्थळ सुरू झाले आणि जालावर नकाशा ही रोजच्या वापरातली गोष्ट झाली. पण त्याची रीत निराळी होती. वापरकर्त्याने पत्ता दिला की सर्व्हर रस्त्यांची विदा उघडून त्या विशिष्ट चौकटीचे चित्र नव्याने काढी आणि पाठवी. थोडे पूर्वेला सरकायचे म्हटले की कडेचा बाण दाबायचा, संपूर्ण पान पुन्हा मागवायचे, आणि सर्व्हरने पुन्हा पहिल्यापासून चित्र काढायचे. शेजारी बसलेल्या दोघांनी एकच चौक पाहिला, पण एकाची चौकट दहा मीटर इकडे असली, तर ती दोन वेगळी चित्रे. एकाचे श्रम दुसऱ्याच्या उपयोगी पडत नसत.

यावरचा उपाय खरे तर लवकरच सापडला होता. १९९८ साली मायक्रोसॉफ्टच्या जिम ग्रे, टॉम बार्कले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेरासर्व्हर नावाचा प्रकल्प जालावर आणला. हेतू होता प्रचंड आकाराचा विदासंच चालवून दाखवण्याचा, आणि प्रचंड विदा म्हणून त्यांनी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची हवाई छायाचित्रे निवडली. ती छायाचित्रे त्यांनी आधीच २०० गुणिले २०० पिक्सेलांच्या तुकड्यांत कापून, प्रत्येकाला क्रमांक देऊन साठवली. मागणी आली की काढायचे काहीच नाही. क्रमांक शोधायचा आणि तयार तुकडा द्यायचा. टाइलची कल्पना इथे जवळजवळ पूर्ण झालेली दिसते.

मग आजचे नकाशे टेरासर्व्हरचे वारस का नाहीत? कारण त्यांची जाळी यू.टी.एम. या पद्धतीवर बेतलेली होती. त्या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंश रुंदीचे उभे पट्टे कल्पून प्रत्येक पट्टा स्वतंत्रपणे सपाट केला जातो. एका पट्ट्याच्या आत मोजमाप फार अचूक मिळते. पण दोन पट्टे शेजारी ठेवले की त्यांच्या कडा जुळत नाहीत. संत्र्याच्या सालीच्या फाकी टेबलावर सपाट मांडून पाहा, म्हणजे अडचण कळेल. फाकीच्या टोकाशी आलेल्या प्रेक्षकाला सरळ पुढच्या फाकीत सरकता येत नसे.

टोपोशीटचीही हीच गत आहे, जरा सौम्य स्वरूपात. पंधरा कलांचे पत्रक पुण्यात सुमारे २६ किलोमीटर रुंद असते, श्रीनगरात सुमारे २३, कारण रेखावृत्ते उत्तरेकडे जवळ येत जातात. एकेक पत्रक हाती घेऊन काम करायचे तर काही बिघडत नाही. सारे जग एकाच न तुटणाऱ्या चादरीसारखे बोटाने ओढायचे असेल, तर मात्र बिघडते.

ही चादर विणली गेली सिडनीत. लार्स आणि येन्स रासमुसेन हे डॅनिश बंधू, आणि नोएल गॉर्डन व स्टीफन मा हे त्यांचे दोन सहकारी, या चौघांची ‘व्हेअर टू टेक्नॉलॉजीज’ ही चिमुकली कंपनी होती. त्यांनी संगणकावर स्वतंत्रपणे चालणारा नकाशा तयार केला होता. २००४ च्या ऑक्टोबरात गुगलने ती कंपनी घेतली, कार्यक्रम ब्राउझरमध्ये चालेल असा पुन्हा लिहिला गेला आणि ८ फेब्रुवारी २००५ रोजी गुगल मॅप्स लोकांपुढे आले. नकाशा माउसने धरून ओढता येत होता. पान पुन्हा उघडत नव्हते. ओढताना कडेला जी रिकामी जागा होईल तेवढ्याच टाइल ब्राउझर मागवी, बाकीच्या आधीच्या तशाच सरकत. त्या काळी हे पाहणाऱ्यांना जादू वाटली, यात नवल नाही.

पण हा नकाशा पूर्ण घडला असे तेव्हाही म्हणता येत नव्हते. सुरुवातीला त्यांनी वापरलेले प्रक्षेपण (गोलाकार पृथ्वी सपाट करण्याची रीत) उत्तरेकडच्या प्रदेशांत आकार दाबून दाखवत असे. स्टॉकहोमसारख्या शहरात जमिनीवर काटकोनात छेदणारे रस्ते पडद्यावर तिरके छेदू लागले. शहरात वाट शोधणाऱ्याला अंतरात थोडी चूक चालते, पण चौकातले वळण चुकीचे दिसून चालत नाही. म्हणून त्यांनी मर्केटरचे प्रक्षेपण स्वीकारले.

गेरार्डस मर्केटरने ते १५६९ साली मांडले होते, खलाशांसाठी. त्याचा गुण असा की लहान क्षेत्रात कोन आणि आकार बिघडत नाहीत, उत्तर नेहमी वर राहते, आणि होकायंत्राची स्थिर दिशा नकाशावर सरळ रेषा होते. हे साधायला तो उत्तर-दक्षिण अंतरे पूर्व-पश्चिम अंतरांइतकीच ताणत जातो. अक्षांश ६० वर लांबी दुप्पट दिसते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ध्रुवाशी तर ताण अनंत होतो. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते ही त्याच्यावरची जुनी तक्रार सर्वांना ठाऊक आहे. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट आहे.

ध्रुव अनंतावर गेला तर कागद कुठे तरी कापावाच लागणार. मर्केटरच्या काळी प्रत्येक नकाशाकार सोयीने कापी. नव्या कारागिरांनी मात्र असा अक्षांश निवडला की उरलेले जग बरोबर चौरस होईल, जेवढी रुंदी तेवढीच उंची. तो अक्षांश निघतो सुमारे ८५.०५११ अंश, उत्तरेला आणि दक्षिणेलाही. माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेतला सर्वांत हुशार निर्णय हाच. दक्षिण ध्रुव गेला, उत्तर ध्रुव गेला, पण हाती आला एक चौरस. आणि चौरसाचे चार भाग केले की पुन्हा चौरसच मिळतात, कितीही वेळा केले तरी.

झूम पातळी ० म्हणजे सारे जग एका टाइलमध्ये. पातळी १ वर तिचे चार भाग, २ वर सोळा, ३ वर चौसष्ट. प्रत्येक टाइल पुन्हा २५६ पिक्सेलांचीच, म्हणून प्रत्येक पातळीवर तपशील दुप्पट. टाइलचा पत्ता तीन आकड्यांचा : पातळी, डावीकडून कितवा स्तंभ, वरून कितवी ओळ. मोजणी शून्यापासून. सगळे गणित इतकेच :

```
n = 2^z
x = floor(n * (lon + 180) / 360)
y = floor(n * (1 - asinh(tan(lat * π / 180)) / π) / 2)
```

शनिवारवाड्याचा एक बिंदू घेऊ : १८.५१९५ उत्तर, ७३.८५५३ पूर्व. पहिली ओळ सोपी आहे. नकाशाची डावी कड १८० पश्चिम रेखांशावर असते, तिथून वाडा २५३.८५५३ अंश दूर. ३६० ने भागले की ०.७०५१५३६, म्हणजे जगाच्या रुंदीच्या सत्तर टक्क्यांच्या किंचित पुढे. पातळी १६ वर स्तंभ असतात ६५,५३६. गुणाकार येतो ४६२१२.९५, अपूर्णांक टाकला की स्तंभ ४६२१२. दुसऱ्या ओळीत मर्केटरचा ताण मोजावा लागतो. त्यातून वाडा वरच्या कडेपासून उंचीच्या ०.४४७६३७ वर निघतो, आणि ६५,५३६ ने गुणून ओळ येते २९३३६. झाला पत्ता तयार. हे गणित तुमचा फोन करतो, सर्व्हर नव्हे. सर्व्हरला अक्षांश-रेखांश कळवण्याची गरजच नसते. त्याच्या दृष्टीने ती एका फाइलच्या नावाची मागणी आहे.

तोच बिंदू पायरी-पायरीने शोधला तर टोपोशीटशी असलेले नाते अधिक स्पष्ट होते. जगाचे चार भाग केले की पुणे वरच्या उजव्या भागात पडते. त्याचे चार केले की खालच्या डाव्या. त्याचे चार केले की खालच्या उजव्या, म्हणजे अरबी समुद्रापासून नेपाळपर्यंतच्या चौकोनात. वर-डावा ०, वर-उजवा १, खाली-डावा २, खाली-उजवा ३ असे अंक दिले तर पुण्याचे नाव १२३ असे सुरू होते, आणि सहाव्या पातळीपर्यंत १२३३०१ होते. मायक्रोसॉफ्टने आपल्या नकाशासाठी नेमके हेच नामकरण घेतले. शेवटचा अंक खोडला की मूळ टाइलचे नाव मिळते, जसे ४७ एफ/१४ मधून १४ खोडले की ४७ एफ. सर्वेक्षण विभाग एका पायरीवर सोळा तुकडे करी, म्हणजे चारांत चार. त्याची एक पायरी म्हणजे आजच्या दोन झूम पातळ्या.

ही विभागणी कुठवर जाते? पातळी १६ वर सुमारे ४२९ कोटी टाइल होतात, १८ वर सुमारे ६,८७२ कोटी. इतकी चित्रे आधीच काढून ठेवणे शहाणपणाचे नाही, शिवाय त्यातली बहुतेक निळ्याशार समुद्राची असतात. म्हणून ओपनस्ट्रीटमॅपसारखे प्रकल्प वरच्या, जग-देश दाखवणाऱ्या पातळ्या तयार ठेवतात आणि खोल पातळीची टाइल कोणी प्रथम मागितली की काढतात, मग साठवतात. पुढच्या हजार जणांना तीच फाइल मिळते. मॅपक्वेस्टच्या काळचे वाया जाणारे श्रम इथे वाचले, आणि ते वाचले ते केवळ चौकटी सर्वांसाठी एकच ठरल्या म्हणून.

आता किंमत. पातळी १६ ची टाइल विषुववृत्तावर सुमारे ६११ मीटर जमीन झाकते, पुण्यात ५८०, श्रीनगरात ५०६, स्टॉकहोममध्ये ३१२. पडद्यावर चारही सारख्याच दिसतात. झूम पातळी हे प्रमाण नव्हे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवावे. पटत नसेल तर नकाशाच्या कोपऱ्यातली मोजपट्टी पाहत, झूम न बदलता, कन्याकुमारीहून लडाखकडे सरका. पट्टीवरचा आकडा किंवा तिची लांबी बदलताना दिसेल. दूरदूरच्या दोन राज्यांचे विस्तार अशा नकाशावर नुसत्या डोळ्यांनी तोलू नयेत.

व्यावसायिक भूमापकांना हे प्रक्षेपण आणखी एका कारणासाठी खटकले. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे, आणि उपग्रहावरून मिळणारे अक्षांश त्या चपट्या आकारावर मोजलेले असतात. जालावरच्या नकाशाने हिशेब सोपा राहावा म्हणून तेच अक्षांश परिपूर्ण गोलाच्या सूत्रात घातले. प्रक्षेपणांना क्रमांक देणाऱ्या ई.पी.एस.जी. या नोंदवहीने सुरुवातीला त्याला स्थान दिले नाही. तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी आपल्यापुरता 900913 हा क्रमांक रूढ केला. अंक अक्षरांसारखे वाचले तर तो GOOGLE होतो. वापर इतका पसरला की अखेर नोंदवहीला नमते घ्यावे लागले, आणि आज तो `EPSG:3857` या नावाने अधिकृत आहे.

हा वाद पुस्तकी नव्हता. २०१४ साली अमेरिकेच्या लष्करी नकाशा संस्थेने इशारा दिला की हे प्रक्षेपण आणि चपट्या पृथ्वीवरचे खरे मर्केटर यांची गल्लत केली तर स्थान ४० किलोमीटरपर्यंत चुकू शकते. पुण्याच्या अक्षांशावर ती चूक सुमारे १३ किलोमीटरची भरते : शनिवारवाडा उत्तरेला सरकून भोसरीच्या आसपास जाऊन बसेल. ओळखण्याची खूण अशी की पूर्व-पश्चिम सारे जुळते आणि फक्त उत्तर-दक्षिण चुकते.

दुसरी खोड सांध्यांची. मघाचा गुणाकार आठवा : ४६२१२.९५. अपूर्णांक ०.९५, म्हणजे आपला बिंदू टाइलच्या उजव्या कडेला अगदी चिकटून आहे. कड त्याच्या पूर्वेला अवघी तीसेक मीटर. वाडा त्याहून रुंद असल्याने पातळी १६ ची अदृश्य रेषा थेट वाड्यातून जाते. पश्चिमेचा भाग एका फाइलमध्ये, पूर्वेचा दुसरीत. चित्र काढणारा कार्यक्रम प्रत्येक टाइल एकटी काढू लागला तर ‘शनिवारवाडा’ ही अक्षरे मध्येच कापली जातील, किंवा दोन्हीकडे दोनदा उमटतील. म्हणून ओपनस्ट्रीटमॅपचा सर्व्हर आठ गुणिले आठ टाइलांचा मोठा चौकोन एकदम काढतो, नावे त्यावर बसवतो आणि मग कापतो. तरीही क्वचित एखादा रस्ता सरळ उभ्या रेषेत अचानक तुटलेला दिसतो : अलीकडची टाइल नव्याने काढलेली असते, पलीकडची जुनी. पान पुन्हा उघडले की बहुधा तो दुरुस्त होतो.

तिसरी चूक तुमच्यापैकी जुने नकाशे जालावर चढवणाऱ्यांना हमखास भेटेल. टाइलची ओळ वरून मोजायची हा गुगलचा शिरस्ता. पण टी.एम.एस. नावाच्या दुसऱ्या एका प्रमाणपद्धतीत ती खालून मोजतात, भूमितीतल्या आलेखासारखी. पेशवेकालीन पुण्याचा नकाशा तुम्ही टी.एम.एस. रीतीने कापला आणि दाखवणाऱ्या कार्यक्रमाने तो गुगलच्या रीतीने वाचला, तर ओळ २९३३६ ऐवजी ६५५३५ वजा २९३३६, म्हणजे ३६१९९ होते. पुणे विषुववृत्ताच्या तितकेच दक्षिणेला, भर हिंदी महासागरात जाऊन पडते, आणि पुण्यावर पाहावे तर काहीच नाही. रेखांश बरोबर, अक्षांशाचे चिन्ह उलटे, ही तिची खूण. तुकडे पाडणारा `gdal2tiles` हा लोकप्रिय कार्यक्रम मुळात टी.एम.एस. पद्धतीने चालतो, त्याला `--xyz` असे सांगितले की तो वरून मोजतो.

गेल्या पंधरा वर्षांत टाइलच्या आतला ऐवज बदलला आहे. गुगलने २०१० च्या डिसेंबरात अँड्रॉइड फोनवर तयार चित्राऐवजी रस्त्यांच्या आणि इमारतींच्या कडांचे बिंदू पाठवायला आरंभ केला. चित्र फोन स्वतः काढतो, म्हणून नकाशा तिरपा केला, फिरवला तरी अक्षरे उभीच राहतात. २०१८ पासून संगणकावरच्या गुगल मॅप्समध्ये पुरेसे मागे गेले की चौरस जगाच्या जागी पृथ्वीगोल दिसतो आणि ग्रीनलंड आपल्या खऱ्या आकारात येते. पण ओपनस्ट्रीटमॅपसारख्या नकाशांच्या टाइल आजही त्याच चौकटींत, त्याच तीन आकड्यांनी मागवल्या जातात. त्या पत्त्यांत शनिवारवाडा अजून ४६२१२ आणि ४६२१३ या दोन स्तंभांत विभागलेला आहे.